नऊ नंबरच्या विहिरीची दोन उत्तरं

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आलेली एक ईमेल मी अजून जपून ठेवली आहे. पाठवणारी ताई माझी सहकारी. ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती आणि पारनेर तालुक्यातल्या एका गावाचं पाण्याच्या ताळेबंदाचं अर्धवट काम माझ्याकडे येत होतं. सोबत गावातल्या व्हॉट्सॲप गटाची एक्स्पोर्ट केलेली फाईल होती. काम तसं मोजकं: चौदा विहिरींची पावसाळ्यानंतरची पातळी तक्त्यात भरायची आणि ग्रामसभेपुढे ठेवायची. आमच्या भागात ही रीत हिवरे बाजारमुळे सगळ्यांना माहीत आहे. पाऊस किती झाला, जमिनीत किती पाणी आहे, हे आधी पाहायचं आणि मग रब्बीची पिकं ठरवायची.

ईमेलचं पहिलं वाक्य असं: ‘फाईल आधी उघडू नकोस, हे पाच मिनिटं वाच.’ गटात महिन्याभराचे निरोप होते. त्यात वाढदिवस होते, कांद्याचे भाव होते, हरवलेली शेळीही होती. तिने सारांश काढून दिला नाही. ‘अकरा विहिरी भरल्या आहेत, ४, ९ आणि १२ राहिल्या’ एवढं सांगून ती थेट या तिघींकडे वळते. काम कुठे थांबलं आहे हे दुसऱ्याच ओळीत कळतं, आणि पुढचा सगळा मजकूर त्या तीन विहिरींभोवती फिरतो.

मग ती फाईल वाचायची कशी ते सांगते. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण एक्स्पोर्ट केलेल्या गप्पांत बरंच काही गळून गेलेलं असतं. फाईलमधल्या या ओळी पाहा:

```
10/20/24, 9:31 PM - विहीर 4 दादा: लाईट आली, मोटर लावली
10/21/24, 8:14 AM - विहीर 4 दादा: 9.10
10/21/24, 8:20 AM - शाळेजवळचे काका: 9 नं. 6.40
10/21/24, 8:22 AM - शाळेजवळचे काका: <Media omitted>
10/21/24, 6:05 PM - टॉवरवाले भाऊ: 9 नं. 5.60
10/21/24, 6:40 PM - शाळेजवळचे काका: हो
```

शेवटचा ‘हो’ कशाला? फोनवर तो एका प्रश्नाला बोट लावून दिलेला होता. फाईलमध्ये मूळ प्रश्नाचा तो तुकडा येत नाही, नुसता ‘हो’ उरतो. ताई लिहिते: ‘6:40 चा हो हे माझ्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी विचारलं होतं, काठावरून मोजलं का?’ नावंही तिच्या फोनमध्ये जशी साठवलेली तशीच उतरली आहेत. दुसऱ्या कोणी फाईल काढली असती तर तिथे वेगळी नावं किंवा नुसते नंबर दिसले असते. म्हणून कोण कुठल्या विहिरीचा आणि कोण स्वतः टेप सोडतो, कोण ऐकून सांगतो, हे तिने एकेका ओळीत लिहून दिलं. फोटोंच्या जागी फाईलमध्ये `<Media omitted>` एवढंच होतं. तिने लागतील तेवढे तीनच फोटो वेगळे जोडले आणि कुठला फोटो कोणत्या वेळेच्या ओळीचा, तेही सांगितलं.

तारखेबद्दलची तिची सूचना वाचून मी खरोखर थांबलो. ‘माझ्या फोनवर महिना आधी येतो. एक्सेलमध्ये टाकशील तर जपून.’ मी करून पाहिलं. माझ्या संगणकावर दिवस आधी लिहायची पद्धत लावलेली आहे. त्यामुळे `10/11/24` म्हणजे ११ ऑक्टोबर निमूटपणे १० नोव्हेंबर झाला आणि `10/21/24` मात्र तारीख न होता नुसता मजकूर राहिला, कारण एकविसावा महिना नसतो. ओळखायची खूण अशी की तारीख झालेले आकडे रकान्यात उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे चिकटतो. एकाच रकान्यात दोन्हीकडे आकडे दिसले की समजावं, तारखा बिघडल्या आहेत.

आता विहिरी. चार नंबरला ९.१० मीटर आणि शेजारच्या पाच नंबरला ६.२०. एवढा फरक ताईला पटला नव्हता. तिने कारण शोधलं ते आदल्या रात्रीच्या ओळीत: लाईट आली, मोटर लावली. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की मोटर रात्रभर चालते. आमच्याकडे खाली बेसाल्ट आहे, पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत येतं आणि उपसलेली विहीर सावकाश भरते. सकाळी आठला मोजलेली पातळी ही उपशानंतरची होती. ‘मोटर बंद ठेवून, एक रात्र जाऊ देऊन पुन्हा मोजायला सांग,’ असं ती लिहिते. म्हणजे मोटरची ओळ पातळीच्या नोंदीची नव्हतीच, ती गावगप्पांतली ओळ होती. ताईने फक्त आकडे उचलून पाठवले असते तर ती सगळ्यांत आधी गळाली असती. सारांश न करता अख्खी फाईल पाठवण्यामागचा तिचा विचार मला इथे कळला.

नऊ नंबरला दोन उत्तरं होती, ६.४० आणि ५.६०. दोघांपैकी एक चुकला असं मी धरून चाललो असतो. ताईच्या शब्दांत: ‘दोघंही बरोबर असावेत. काका कठड्याच्या काठावरून मोजतात, भाऊ जमिनीपासून. कठडा माझ्या कमरेला लागतो, पाऊण मीटरच्या आसपास असेल. हा माझा अंदाज आहे, टेप लाव.’ या चार वाक्यांत तिने तीन प्रकारची माहिती वेगवेगळी ठेवली आहे. काकांनी सांगितलेलं, तिने पाहिलेलं आणि तिने ताडलेलं. ‘असावेत’ आणि ‘मोजतात’ ही दोन क्रियापदं तिने उगाच बदललेली नाहीत. वर्षानुवर्षं नोंदी घेणाऱ्याच्या हातात ही शिस्त येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. एकदा काठावरून आणि एकदा जमिनीवरून मोजलं तर हंगामांची तुलनाच मोडते.

बारा नंबरचा मालक पुण्याला असतो, तो रविवारी २७ तारखेला येणार, एवढंच तिने लिहिलं. तिथे जास्त लिहिण्यासारखं काही नव्हतंही.

शेवटच्या परिच्छेदात ती सांगते की एका घरातल्या आजारपणाच्या आणि उसनवारीच्या ओळी तिने काढल्या आहेत आणि त्या जागी ‘काढलं’ असं लिहिलं आहे. फाईलमध्ये लोकांचे नंबर आहेत, म्हणून ती पुढे कोणाला पाठवायची नाही. काढल्याची खूण ठेवण्यातला प्रामाणिकपणा मला फार आवडला. कुठे पोकळी आहे हे वाचणाऱ्याला कळतं आणि घरातली गोष्टही घरातच राहते.

एक उणीव मात्र राहिली. ‘ग्रामसभेआधी तक्ता हवा’ असं ती लिहिते, पण ग्रामसभा कोणत्या तारखेला आणि तक्ता कोणाच्या हातात द्यायचा, हे कुठेच नाही. तिच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की लिहायचं राहिलं असावं. रजेवर गेलेल्या बाईला फोन करायला मन धजेना, म्हणून मी ग्रामसेवकांना विचारून घेतलं.

रविवारी गावात गेलो. नऊ नंबरच्या विहिरीवर काका आणि भाऊ दोघंही आले. टेप आधी कठड्याला लावली: ८२ सेंटीमीटर. काकांचे ६.४० वजा ०.८२ म्हणजे ५.५८. भाऊंचे ५.६०. दोन सेंटीमीटरचा फरक टेप थोडी तिरपी लोंबली तरी पडतो. तक्त्यात ५.५८ लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं: ‘जमिनीपासून, कठडा ०.८२ वजा.’