कानाने उतरवलेली प्रत

सुरतेत मराठी गाणे दुसऱ्या लिपीत उतरवून घेणे नवलाचे नाही. महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात आणि त्यांत मराठीही आहे. तरी लिंबायत, उधना, पांडेसरा भागांतली कितीतरी मराठी मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि गणपतीतल्या कार्यक्रमासाठी गाणे बसवायचे झाले की गुजराती अक्षरांत लिहिलेला कागद त्यांना सोयीचा पडतो. त्यात फारसे काही हरवत नाही. गुजराती लिपीत ळ आहे, ण आहे, त आणि ट वेगळे आहेत, काना-मात्राही आपल्याच घराण्यातल्या आहेत. अशाच मराठी घरांतली मुले परदेशी गेली, तिथेच त्यांची मुले वाढली, आणि त्या मुलांना मंडळाच्या मंचावर मराठी गाणे म्हणायचे असले की कागद रोमन होतो. इथे प्रश्न बदलतो. ज्या लिपीत ण नाही, ळ नाही, अ आणि आ ह्यांना एकच अक्षर आहे, तिच्यात मराठी गाणे उतरवणे म्हणजे एका साच्यातले अक्षर दुसऱ्या साच्यात टाकणे नव्हे. माझे म्हणणे असे की गायकासाठी केलेली रोमन प्रत छापील देवनागरीवरून करूच नये. ती गायलेल्या गाण्यावरून, कानाने करावी. परदेशातल्या मंडळांत ज्यांनी हे काम जीव लावून केले आहे, त्यांच्या प्रतींचे यश ह्यातच आहे.

मराठी कविता रोमन अक्षरांत येण्याचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स ह्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला 1616 साली छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडायचे तर साचे शेकड्यांनी लागत आणि ती सोय नव्हती. पण लिपी परकी असली तरी ओवी मराठीच राहिली, आणि ती चर्चमध्ये मोठ्याने म्हटली, ऐकली जाई. गोव्याच्या रोमी कोंकणीने पुढे स्वतःची शिस्त बसवली. टवर्गातल्या अक्षरासाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे, म्हणून कोंकणी हे नावच तिथे `Konknni` असे लिहिले जाते. त्यातला दुहेरी `n` म्हणजे ण. आपल्या स्मरणिकांत रोमन गाण्याकडे अलीकडची तडजोड म्हणून पाहिले जाते, तेव्हा ही जुनी परंपरा आठवायला हवी. तिथे लिहिणाऱ्यांनी आधी ध्वनी मोजले आणि मग अक्षरे वाटून दिली.

आता काम प्रत्यक्ष कसे होते ते एका ओळीवर पाहू. ओळ कुठल्या गाण्यातली नाही, उदाहरणासाठी जुळवली आहे: चंद्र वर आला, अंगणात चांदणे सांडले, मन माझे जरा जागे झाले. घाईने केलेली प्रत साधारण अशी असते:

```
chandra var aala, anganat chandane sandale
man maze jara jage zale
```

मराठी माणसाला ह्यात काहीच खटकत नाही, कारण तो ही अक्षरे वाचत नाही. त्याला शब्द आधीच माहीत आहेत आणि अक्षरे नुसती आठवण करून देतात. न्यू जर्सीत वाढलेली पंधरा वर्षांची मुलगी मात्र हीच अक्षरे खरोखर वाचते. तिच्या सवयीने `man` चे मॅन होते आणि `maze` चे मेझ, कारण शेवटचा `e` तिच्या भाषेत मुका असतो. `sandale` पाहून तिला चप्पल आठवते. अंगणातला ण आणि सांडलेतला ड ह्यांचा तर कागदावर पत्ताच नाही. चंद्र तेवढा बरोबर लिहिला आहे, पण शेवटचा `a` ती लांबवते आणि चंद्रा म्हणते. मग श्रोत्यांत कुजबुज होते की उच्चार कच्चे आहेत. मुलीचा उच्चार कच्चा नव्हता. तिने समोरचा कागद प्रामाणिकपणे वाचला, कागदच कच्चा होता.

सगळ्यांत बारीक जागा च, ज आणि झ ह्यांची आहे. आपण बोलताना हे ध्वनी दोन-दोन प्रकारे उच्चारतो आणि देवनागरीत मात्र एकाच अक्षराने लिहितो. चंद्रातला च टाळूला जीभ लावून येतो, चांदण्यातला च दातांमागून येतो. जरा म्हणजे म्हातारपण आणि जरा म्हणजे थोडेसे, हे लिहायला सारखे आणि म्हणायला वेगळे. माझा आणि माझी ह्यांतला झ एक नाही. माझे घर म्हणताना झ दातांमागचा, माझे मित्र म्हणताना तो टाळूचा. हे आपल्याला कोणी शिकवत नाही, कारण घरात कानावर पडते. ज्याच्या घरात पडत नाही त्याला देवनागरी शिकूनही हा भेद कळत नाही, कारण तो देवनागरीत लिहिलेलाच नसतो. रोमन प्रत इथे देवनागरीहून जास्त सांगू शकते. टाळूच्या च ला `ch` आणि दातांमागच्या च ला `ts`, टाळूच्या ज ला `j` आणि दुसऱ्याला `dz`, दातांमागच्या झ ला नुसता `z`, एवढे ठरवले की गाणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी अविनाश चोपडे ह्यांनी बसवलेली `ITRANS` पद्धत जुन्या गाण्यांच्या संग्रहांसाठी फार उपयोगी पडली, आणि मोठ्या अक्षराने टवर्ग दाखवण्याची तिची युक्ती मी पुढे घेतलीच आहे. पण तिचे काम शुद्धलेखन जसेच्या तसे पोचवण्याचे आहे, म्हणून तिथे चंद्र आणि चांदणे ह्यांचा च एकच राहतो. आपोआप लिप्यंतर करून मिळालेल्या प्रतीत ही उणीव राहणारच, कारण जे मूळ लेखनात नाही ते यंत्राला दिसत नाही.

दुसरी बारीक जागा शब्दातल्या अ ची. बोलताना आपण अंगणात ह्या शब्दातल्या ग मधला अ गिळतो, गाताना बहुधा तो पुन्हा उभा राहतो, कारण चालीला तिथे स्वर हवा असतो. शब्दाच्या शेवटचा अ ओवी-अभंगात अनेकदा गळ्यावर येतो, बोलीच्या जवळच्या भावगीतात सहसा येत नाही. म्हणजे मन कधी एका झटक्यात संपते, तर कधी त्याचे म आणि न दोन मात्रा घेतात. हे छापील ओळीवरून ठरत नाही, चालीवरून ठरते. म्हणून प्रत करणाऱ्याने ध्वनिमुद्रण लावून ओळ ओळ थांबवत, जिथे स्वर ऐकू येतो तिथेच `a` लिहावा आणि तालाप्रमाणे अक्षरे तोडावी. वरचीच ओळ मग अशी दिसते:

```
chan-dra var aa-laa
an-ga-Naat tsaan-da-Ne saan-Da-le
man maa-ze dza-raa dzaa-ge zaa-le
```

वर दोन वाक्यांची किल्ली द्यायची: `a` म्हणजे नेहमी ऱ्हस्व अ आणि `aa` म्हणजे आ, `e` कधीच मुका नाही आणि मोठे अक्षर म्हणजे जीभ मागे वळवणे. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. लेखनाची संगणकीय साधने ओळीचे पहिले अक्षर आपण होऊन मोठे करतात. तारा ह्या शब्दाने ओळ सुरू झाली की कागदावर टारा उभा राहतो आणि गाणारा तो इमानाने टारा म्हणतो. ही सोय आधी बंद करावी. गोव्याची दुहेरी अक्षरे घेतली तर हा त्रास टळतो, पण पत्ता आणि पट्टा ह्यांचा घोळ होतो, म्हणून मला मोठी अक्षरेच बरी वाटतात.

आणि हीच प्रत जर्मनीला पाठवली तर? जर्मन वाचणाऱ्याला `z` म्हणजे त्स, `j` म्हणजे य आणि `v` म्हणजे पुष्कळदा फ. त्याच्या तोंडी माझे चे मात्से होईल. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि गणेशोत्सवात मराठी भजने आजही गायली जातात. तिथल्या फ्रेंच वळणाच्या वाचनात `ch` म्हणजे श. रोमन लिपी एक असली तरी तिचे वाचन घराघरांत वेगळे असते. त्यामुळे प्रत गाण्याची असते तशीच ती गाणाऱ्याचीही असते, आणि ती करताना हा माणूस रोज कोणती भाषा वाचतो हे आधी विचारावे लागते.

ह्यावर पहिला आक्षेप असा की कागद हवाच कशाला, आपले संगीत कानानेच शिकायचे असते. हे खरे आहे, आणि कागद आवाजाची जागा घेऊ शकत नाही हेही खरे. इंग्रजी वळणाच्या जिभेचा `t` त आणि ट ह्यांच्या मधोमध पडतो, शब्दाच्या सुरुवातीचा `p` थोडा फ कडे झुकतो. कितीही खुणा केल्या तरी पाणी कसे म्हणायचे ते कोणीतरी म्हणून दाखवावे लागते. म्हणून प्रतीबरोबर चाल न लावता, सावकाश वाचलेल्या ओळींचे ध्वनिमुद्रण हवेच. पण दूर असलेल्याचा कानही चुकतो, आणि चुकलेला शब्द शंभरदा म्हणून पक्का होतो. दहा जणांच्या समूहगानात प्रत्येकाने आपल्या कानाने ऐकलेला वेगळा शब्द धरला की सगळे गढूळ होते. तिथे कागदच सगळ्यांना एकत्र आणतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: रोमन हाती दिली की मुले देवनागरीकडे वळणारच नाहीत. ही भीती मी टाळत नाही. गोव्यात रोमी लिपी पाहुणी म्हणून आली आणि अनेक घरांची लिपी झाली, तिच्यात तियात्र आणि कांतारे फुलली. मराठीच्या परदेशातल्या मुलांचे तसे व्हावे असे मला वाटत नाही. पण क्रम पाहावा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात आणि तिथे देवनागरी शिकवली जाते, तरी आठवड्यातून एकदा शिकलेल्या लिपीत तालावर, ओळ न अडखळता वाचण्याइतका वेग यायला वर्षे लागतात. गाणे तोवर थांबले तर ते वय निघून जाते. मोहम्मद रफी आणि मन्ना डे ह्यांनी गायलेली मराठी गाणी आपण आपली मानतो, त्यांना लिपीची परीक्षा द्यायला लावली नाही. गाणे आधी आले तर लिपी शिकण्याला कारण मिळते.

मात्र प्रतीने देवनागरी लपवू नये. रोमन ओळीच्या वर देवनागरी ओळ, अक्षराखाली अक्षर येईल अशी मांडावी आणि खाली एका वाक्यात अर्थ द्यावा, कारण सांडले म्हणजे काय हे कळल्याशिवाय त्या शब्दावर आवाज हलका करायचा हे सुचत नाही. प्रत तयार झाली की ती मराठी अजिबात न येणाऱ्या माणसाला वाचायला द्यावी आणि करणाऱ्याने डोळे मिटून ऐकावे. जिथे शब्द ओळखू येत नाही तिथे वाचणाऱ्याला न सुधारता कागद सुधारावा. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक चुका निघतात. पुढच्या कार्यक्रमासाठी तेच गाणे घ्यायचे झाले तर ध्रुवपदाखालची रोमन ओळ काढून टाकावी. ते इतक्यांदा म्हणून झालेले असते की गाणारा वरच्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवत ते सहज म्हणतो. त्यानंतरच्या वेळी पहिल्या कडव्याखालची ओळ काढावी.