अमृतधारा, लक्ष्मणधारा आणि अर्थाचं एकतर्फी वजन

ट्रेडमार्कच्या वादात नावाचा अर्थ किती मोजायचा? माझ्या वाचनात वारंवार येणारा एक निकाल यासाठी बघू या: सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा ‘अमृतधारा’ निकाल.

‘लक्ष्मणधारा’ नावाचं औषध विकणाऱ्याने १९५० मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला. आधीपासून नोंदलेल्या ‘अमृतधारा’वाल्यांनी हरकत घेतली. दोन्ही औषधं डोकेदुखी, जुलाब अशाच तक्रारींवरची. उच्च न्यायालय म्हणालं, अमृताची धारा वेगळी, लक्ष्मणाची धारा वेगळी, मग गोंधळ कसला? सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. सामान्य गिऱ्हाईक शब्दाची फोड करून व्युत्पत्ती बघत नाही. दोन्ही नावं समोरासमोर ठेवूनही बघत नाही. त्याच्या डोक्यात आधीच्या नावाची अर्धवट आठवण असते, आणि त्या आठवणीत पूर्ण नावाचा नाद उरतो.

इथवर पटतं. पण याच न्यायालयाने त्याआधी ‘ग्लुव्हिटा’ बिस्किटं आणि ‘ग्लुकोव्हिटा’ या ग्लुकोज पावडरच्या वादात नावांमागची कल्पना एकच आहे हेही साम्य म्हणून धरलं होतं. म्हणजे अर्थ जुळला तर तो तुमच्या विरोधात जातो, आणि वेगळा असला तरी तुम्हाला वाचवेलच असं नाही. अर्धवट आठवणीचा नियम हे काही प्रमाणात समजावतो, कारण ढोबळ कल्पना लक्षात राहते आणि बारीक फरक पुसला जातो. पण ‘लक्ष्मण’ हा बारीक फरक आहे का? ज्याला अक्षरओळखही नाही त्यालाही रामायणातला लक्ष्मण माहीत असतो. तो समजायला व्युत्पत्ती लागत नाही. माझ्या मते निकालाची कमकुवत बाजू ही आहे: ओळखीचं नाव आणि पंडिती फोड यांना एकाच मापाने मोजलंय.

शेवट मात्र समतोल आहे. १९२३ पासूनचा प्रामाणिक वापर, आणि समोरच्याने इतकी वर्षं बाळगलेलं मौन, हे धरून ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी फक्त उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती मान्य झाली.

आता तुमच्या कामाचं. समजा आज तुम्ही हे नाव आयपी इंडियाच्या सार्वजनिक शोधात, औषधांच्या वर्ग ५ मध्ये तपासताय. `Starts With` मध्ये LAKSHMAN टाकलंत तर अमृतधारा दिसणारच नाही. `Contains` मध्ये DHARA टाकल्यावर दिसेल. म्हणून नावाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा शोधा, DHAARA सारखी स्पेलिंग बदलून बघा, मग `Phonetic` वापरा. अर्थाचं साम्य यंत्र पकडत नाही. ‘सूर्य’ ठेवणार असाल तर SURAJ, RAVI, SUN हे स्वतःच टाकून बघावं लागतं. शेजारचे वर्गही बघा, कारण बिस्किटं आणि ग्लुकोज पावडर या वेगळ्या वस्तू असूनही तो वाद झालाच.

आणि शोध कोरा आला तरी बाजारात एक फेरी मारा. नोंदणी न केलेला जुना वापरही न्यायालयात उभा राहतो.