शंभर मुलं, दहा रांगा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे तीन आकडे शेजारीशेजारी येतात. वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे खुजेपणा, ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे लुकडेपणा, २५.६ टक्के. वयाच्या मानाने वजन कमी, ३६.१ टक्के. बेरीज करून पाहा: ९६.९. घाईत असलेल्या कुणी हे तीन आकडे एका वर्तुळात घातले आणि उरलेल्या फटीवर ‘निरोगी’ असं लिहिलं, तर वर्तुळ हूं की चूं करणार नाही. वर्तुळाचा हाच दोष सर्वांत मोठा आहे. त्यात काहीही घाला, ते गुमान भरतं. तीन आकड्यांची बेरीज दीडशे असली तरी संगणक त्यांना दाबून तीनशे साठ अंशांत बसवतो आणि चित्र नीटनेटकंच दिसतं. एकच मूल खुजंही असतं, लुकडंही असतं आणि वजनाने कमीही असतं. ही गोष्ट वर्तुळाला सांगताच येत नाही.

आता तेच आकडे चित्ररांगांत मांडू. एका चौकटीत दहा-दहा मुलांच्या दहा रांगा. पहिल्या चौकटीत ३५ आकृत्या भरीव, बाकीच्या नुसत्या बाह्यरेषेच्या. दुसरीत २६, तिसरीत ३६. प्रत्येक चौकटीखाली एक ओळ: ‘१०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी’. तीन स्वतंत्र चौकटी म्हणजे त्याच शंभर मुलांकडे तीनदा पाहणं. तिन्ही आकडे एकाच चौकटीत तीन रंगांनी भरायचा मोह झालाच, तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत काढणाऱ्याचा हात अडखळतो: हे मूल खुजंही आहे आणि लुकडंही, मग याला रंग कोणता? वर्तुळ काढताना हा प्रश्न कधीच पडत नाही. माझ्या मते चित्ररांगेची खरी कमाई इथे आहे. ती सोपी दिसते म्हणून चांगली नाही. ‘कितींपैकी किती’ यातला ‘कितींपैकी’ ती कागदावर उभा करते, म्हणून चांगली. ज्यांना आकडेवारीची सवय नाही त्यांच्या हातून नेमका तोच भाग निसटतो.

आज या पद्धतीचं बरं चाललंय असं वरवर वाटतं. आरोग्य खात्याची पत्रकं, दैनिकांतल्या चौकटी, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, सगळीकडे माणसांच्या रांगा दिसतात. जवळून पाहिलं की कळतं, चित्रं राहिली आणि छेद गळाला. भरीव आकृत्या तेवढ्या छापायच्या आणि उरलेल्या जागेअभावी वगळायच्या, ही सर्वांत सामान्य चूक. दिसायला ती क्षुल्लक आहे. पण ज्यांना त्रास झाला तेवढेच लोक दाखवले आणि मागचे निरोगी लोक झाकले, तर तोच धोका वाचणाऱ्याला मोठा वाटतो, हे जोखमीच्या चित्रणावरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. घाबरवायचं असेल तर ही युक्ती चालते. माहिती द्यायची असेल तर नाही.

या कलेचं मूळ व्हिएन्नात आहे आणि तिथली शिस्त आजच्यापेक्षा कडक होती. १९२५ साली ऑटो नॉयराथ यांनी तिथे समाज आणि अर्थव्यवहाराचं संग्रहालय उभं केलं. प्रेक्षक होते शहरातले कामगार आणि शाळकरी मुलं. नॉयराथ यांचा मुख्य नियम एका वाक्याचा: संख्या मोठी असेल तर चिन्हं जास्त काढा, चिन्ह मोठं काढू नका. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायकेल मलहॉलसारखे संकलक मोठ्या संख्येसाठी मोठं चित्र काढत. आकृतीची उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट, आणि डोळा क्षेत्रफळ पाहून फसतो. अमेरिकेत विलर्ड ब्रिंटन यांनी १९१४ च्या पुस्तकात यावर टीका करून सारख्या आकाराच्या आकृत्या ओळीने मांडायला सांगितलं होतं. नॉयराथ यांच्या चमूने मात्र त्याची पुरी पद्धत केली. गेर्ड आर्न्ट्‌स लिनोवर कोरून चिन्हं घडवत. आणि मरी राइडेमाइस्टर, ज्या पुढे मरी नॉयराथ झाल्या, त्यांचं काम सर्वांत अवघड होतं: आकड्यांच्या ढिगातून काय दाखवायचं, काय गाळायचं, कुठल्या रांगेशेजारी कुठली रांग ठेवायची हे ठरवणं. त्या कामाला तिथे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र माणूस होता. आजच्या बहुतेक कचेऱ्यांत ते काम कुणाचंच नसतं. आकडे एकजण पाठवतो, चित्र दुसरा काढतो आणि मधली खुर्ची रिकामी.

१९३४ मध्ये ही मंडळी व्हिएन्ना सोडून हेगला गेली, १९४० मध्ये तिथून इंग्लंडला. पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव मधल्या काळात, १९३५ च्या सुमारास मिळालं. एक फरक लक्षात ठेवायला हवा. त्यांच्या बहुतेक तक्त्यांत एक आकृती म्हणजे ठरावीक संख्या असे, समजा दहा लाख माणसं. टक्केवारीसाठी शंभर आकृत्यांची चौकट जिथे खरी रुळली ते क्षेत्र वैद्यकाचं.

तिथलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटतात, असं सांगितलं की ऐकणारीला वाटतं, शंभरातल्या वीस जणी वाचल्या. बर्लिनच्या हार्डिंग केंद्राने पन्नाशीपुढच्या हजार-हजार बायकांचे दोन गट घेऊन तेच मांडलं. सुमारे अकरा वर्षांत तपासणी न करणाऱ्या हजारांत पाच मृत्यू, करणाऱ्या हजारांत चार. म्हणजे हजारात एक. शिवाय तपासणी केलेल्यांपैकी सुमारे शंभर जणींना खोटा इशारा मिळतो आणि पाच जणींवर अनावश्यक उपचार होतात. वीस टक्के हा आकडा खोटा नाही, पाचाचे चार म्हणजे वीस टक्क्यांचीच घट. पण ती कशाची घट, हे कळायला ते हजार ठिपके डोळ्यांपुढे लागतात. गालेसिच, गार्सिया-रेतामेरो आणि गिगेरेंत्सर यांनी २००९ मध्ये दाखवलं की आकड्यांशी फारसं सख्य नसलेल्या लोकांना अशा चौकटींचा खास फायदा होतो.

संशोधनातून हाती आलेल्या दोन-तीन गोष्टी कामाच्या आहेत. भरीव आकृत्या एका कडेपासून सलग भराव्यात. त्या चौकटीभर विखुरल्या तर ‘कुणाला होईल सांगता येत नाही’ हा भाव चांगला उतरतो, पण किती आहेत याचा अंदाज बिघडतो. दोन धोक्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही चौकटींतली आकृत्यांची एकूण संख्या तीच हवी. एकीकडे शंभर आणि दुसरीकडे हजार ठेवलं की सगळं ओमफस. चित्र हलवू नये. मिशिगनच्या झिकमंड-फिशर यांच्या चमूने २०१२ मध्ये हलत्या चौकटी तपासल्या आणि स्थिर चौकटीच सरस ठरल्या. हे ऐकून पडद्यावर नाचणाऱ्या आकृत्यांचे शौकीन नाराज होतील, पण इलाज नाही.

माणसाची आकृती हवी की साधा ठिपका? याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. लक्षात राहण्याच्या बाबतीत माणसाच्या आकृत्या ठिपक्यांपेक्षा सरस ठरल्याचे निष्कर्ष आहेत. पण ‘माणसं दाखवली की वाचकाचं काळीज हलतं’ हा जो समज देणगीपत्रकांत मुरला आहे, तो २०१७ मध्ये मानवी हक्कांच्या आकडेवारीवर तपासला गेला आणि सहानुभूतीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. माझं मत असं की मुलांची गोष्ट असेल तर मूल काढावं, कारण रांग कशाची आहे हे शीर्षक न वाचताही कळतं. मात्र चेहरा, फेटा, नऊवारी असले अलंकार नकोत. शंभर वेळा छापलेला फेटा वाचता येत नाही, आणि साडी नेसलेली बाई म्हणजे कोण, गावची का, गरीब का, असे भलतेच प्रश्न उठतात.

करण्याच्या साधनांबद्दल मात्र तक्रार आहे. एक्सेलमध्ये स्तंभात चित्र भरायला सांगितलं की तो ते मुळात ताणून बसवतो. मग ३६ टक्के म्हणजे उंच लांबोडका माणूस आणि २६ टक्के म्हणजे चेपलेला. मलहॉलच्या चुकीची ही चुलत बहीणच. ते टाळायला `Stack and Scale with` हा पर्याय निवडून एका चित्रामागे किती, ते लिहावं लागतं, आणि तरीही मागचे न भरलेले लोक येत नाहीतच. त्यापेक्षा एका कोशातलं हे साधं सूत्र बरं:

```
=REPT("●",35)&REPT("○",65)
```

कोश दहा ठिपक्यांवर ओळ मोडेल इतका अरुंद केला आणि मजकूर गुंडाळायला लावला की चौकट तयार. भरीव आणि पोकळ असा फरक ठेवल्याचा आणखी एक लाभ म्हणजे झेरॉक्स. लाल आणि करड्याची चौकट ग्रामपंचायतीच्या फलकावर पोचेपर्यंत दोन्ही करडे झालेले असतात.

पूर्णांकाचा प्रश्न उरतोच. ३५.२ ची पस्तीस मुलं करताना कुणाचं काही जात नाही. पण याआधीच्या फेरीत हाच आकडा ३४.४ होता. चौकटीत ३४ ची ३५ होतात, एक अख्खं मूल वाढल्यासारखं दिसतं, आणि बदल मात्र ०.८ टक्केबिंदूंचा, तोही नमुना सर्वेक्षणातला, जिथे एवढा फरक निव्वळ नमुन्याच्या चढउतारानेही येऊ शकतो. अर्धी आकृती कापून उपाय करणारे आहेत. अर्धं मूल पाहून वाचक आकडा विसरतो आणि मुलाचाच विचार करत बसतो. काळानुसार बदल दाखवायला दोन आकडे आणि त्यांना जोडणारी रेघ पुरते. चित्ररांग तिथे बळेच आणू नये. तसंच अर्धा किंवा पाव हिस्सा एका नजरेत सांगायचा असेल आणि भाग एकमेकांत मिसळत नसतील, तर वर्तुळही वाईट नाही. त्याला सरसकट शिव्या देणं ही हल्ली फॅशन झाली आहे.

सर्वांत अवघड जागा दुर्मीळ धोक्यांची. एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिजच्या विंटन केंद्राने अ‍ॅस्ट्राझेनेका लसीचे फायदे-तोटे दर लाख लोकांमागे मांडले. कोविडचा फैलाव कमी असताना, सोळा आठवड्यांच्या काळात, २० ते २९ वयोगटात लसीमुळे टळणाऱ्या अतिदक्षता विभागातल्या भरत्या ०.८, आणि लसीमुळे होऊ शकणाऱ्या गंभीर गाठी १.१. साठ ते एकोणसत्तर वयोगटात तेच आकडे १४.१ आणि ०.२. ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना दुसरी लस देण्याचं ठरवलं, ते ७ एप्रिलला याच आकड्यांच्या सोबतीने. शंभराच्या चौकटीत यातलं काहीच दिसलं नसतं, सगळ्या आकृत्या पोकळ. हजाराच्या चौकटीतही नाही. लाखाची चौकट काढायची तर एका सेंटिमीटरला एक ठिपका धरून दहा चौरस मीटरचा कागद लागेल, आणि त्यात एक भरीव ठिपका शोधत फिरावं लागेल. म्हणून तिथे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून त्यांचीच तुलना केली गेली आणि ‘लाखामागे’ हे शब्दांत लिहिलं गेलं. छेद चित्रातून पुन्हा मजकुरात गेला. जिथे माणसं रांगेत मावत नाहीत तिथे काय करायचं, याचं याहून चांगलं उत्तर या क्षेत्राकडे अजून नाही.