‘येतो’ म्हणावं की ‘जातो’

मराठी कवितेत निरोपाची दिशा बराच काळ एकच होती. माणूस गावातून निघायचा आणि शहरात पोचायचा. अण्णा भाऊ साठ्यांच्या प्रसिद्ध छक्कडीतला गडी मुंबईत असतो, जीव मात्र गावाकडच्या मैनेत. हुरहूर लागायची ती गावाची. ज्या शहरात मिसरूड फुटलं, त्याला सोडून जाताना काय म्हणायचं, याचा साचा ना ओवीने दिला ना लावणीने. म्हणून शहराच्या निरोपाची कविता जवळपास सगळी मुक्तछंदातच लिहिली गेली. अनिलांची ‘भग्नमूर्ती’ १९४०ची. तेव्हापासून हे माध्यम हाताशी आहे. तरी शहराचा निरोप त्यात उतरायला वेळ लागला.

नारायण सुर्व्यांचं उदाहरण बोलकं आहे. रस्त्यावर सापडलेल्या या पोराला गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलं. निवृत्त झाल्यावर ते पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून कोकणात गेले. शहराचा निरोप घेतला तो बापाने. कवी झाला तो मागे राहिलेला मुलगा. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे शहरात टिकून राहणाऱ्याचं पुस्तक आहे. नामदेव ढसाळांनी मुंबईला प्रेमाची हाक आणि शिवी एकाच दमात दिली. त्यातही भांडून हिशेब मागणं आहे, मुकाट निघणं नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार त्यात होते आणि त्यांतले कितीतरी कायमचे गावी परतले. मुंबईचा एवढा मोठा निरोप दुसरा नसेल. पण त्याबद्दल बहुतेक लिहिलं ते इथे राहिलेल्यांनी.

आज चित्र उलटं आहे. निघणारा शिकलेला आहे, त्याच्याकडे शब्द आहेत, आणि अशा कविता भरपूर येतात. दिवाळी अंकासाठी कविता निवडताना माझ्या टेबलावर त्यांचा वेगळा गठ्ठा होतो. त्यातल्या बऱ्याच कविता म्हणजे याद्या असतात: लोकलचा दरवाजा, इराण्याचा चहा, चाळीची गॅलरी, मरीन ड्राइव्हचा पाऊस. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या सगळ्यांच्या आहेत. वृत्तात निदान यमक तरी आडवं येऊन कवीला थांबवायचं. मुक्तछंदात अडवायला कोणी नाही, त्यामुळे यादी लांबत जाते. ओळखण्याची माझी खूण सोपी आहे. मधल्या चार ओळी काढून टाकल्या आणि काहीच बिघडलं नाही, तर तो निरोप नव्हे, फोटोंचा अल्बम.

दुसरी अडचण भाषेतच आहे. ‘मुंबई’ म्हटलं की ती स्त्री होते. दुसऱ्या ओळीत प्रेयसी, चौथीत आई. कवीने ठरवण्याआधीच व्याकरणाने नातं जोडून टाकलेलं असतं. पुणं नपुंसकलिंगी. त्याला हाक मारायची तर ‘पुण्या’ म्हणावं लागतं, आणि ते कानाला जरा विनोदीच लागतं. पुणं सोडणाऱ्यांच्या कविता पुण्याशी न बोलता पुण्याबद्दल बोलतात, त्याचं एक कारण हे असावं. मला तर हा फायदा वाटतो. हाक मारता आली नाही की कवीला वस्तूंकडे वळावं लागतं.

उदाहरणासाठी चार ओळी मीच जुळवतो. गठ्ठ्यातली नेहमीची कविता अशी:

हे शहरा, तू मला
घडवलंस, मोडलंस,
आता तुझ्या आठवणी घेऊन
मी जातो आहे

इथे ओळी तोडल्या आहेत त्या केवळ कविता दिसावी म्हणून. सलग लिहिलं तरी फरक पडत नाही. आता हाक काढू, ‘शहर’ हा शब्दही काढू, आणि खोली सोडण्याच्या दिवसाची कामं तेवढी ठेवू:

मीटरचं शेवटचं रीडिंग घेतलं
किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली
त्यांनी विचारलं, जेवून जाणार का
मी म्हणालो
येतो

ही काही थोर कविता नाही, पण ओळ तोडण्याला इथे काम आहे. ‘मी म्हणालो’ नंतर क्षणभर थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात उत्तराचे दोन-तीन पर्याय वाचकाच्या मनात येऊन जातात. शिवाय ‘येतो’ हा शब्द. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ. वडीलधारी माणसं लगेच टोकतात. कायमचा निघालेलाही ‘येतो’च म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते खोटं ठाऊक असतं. गठ्ठ्यातल्या कवितांत मात्र सर्रास ‘जातो’, ‘चाललो’, ‘अलविदा’. एका कवितेत तर ‘गुडबाय’ होतं.

यंदाच्या गठ्ठ्यातून मी एकच ठेवली आहे. ती नागपूर सोडणाऱ्या मुलीची आहे. तिने सायकल विकायला काढली आहे, आणि अख्ख्या कवितेत ती गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. शहराचं नाव एकदाच येतं, सायकलच्या पावतीवर.