६१६ युनिटांचा आठवडा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीतला सोमवार डोळ्यांपुढे आणा. कॉस्टिंगच्या टेबलावर एक कागद आलेला आहे: गेल्या आठवड्यात इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला किती युनिट वीज लागली. प्रमाण ठरले आहे ५९० युनिटांचे, कागदावर आहेत ६१६. तफावत २६ युनिटांची, प्रतिकूल. आता खाली शॉपमध्ये उतरायचे, सुपरवायझरला गाठायचे, हीटचे रजिस्टर चाळायचे, की कागद फाइलला लावून चहा मागवायचा? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर एका ओळीत असते: ‘दहा टक्क्यांच्या आत आहे ना? मग सोडा.’

ही ओळ मी वर्षानुवर्षे पाळली. आज जिच्याबद्दल लिहायचे आहे ती रचना या ओळीच्या जागी बसते आणि तिच्यात एक आलेख व एक भागाकार यापलीकडे काही नाही. पण हे दोन्ही इतक्या बेताने घडवलेले आहेत की जवळ जाऊन पाहावेत.

आधी आलेख. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्टने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभराचे एक टिपण दिले. त्यात एक आकृती होती: मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली एकेक मर्यादा, आणि त्यांच्यामधून चालत जाणारे ठिपके. नियंत्रण-आलेखाचा जन्म तो. यातली पहिली नजाकत मधल्या रेघेत आहे. ती प्रमाणावरून काढलेली नाही, भट्टी प्रत्यक्षात जशी चालते त्यावरून काढलेली आहे. आपल्या भट्टीचे आकडे मी सोयीचे घेतो, पण अशा भट्टीला शोभतील असे. सगळे सुरळीत असताना ती सरासरी ६०० युनिट खाते. ५९० हे साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेले, थोडे ओढून घेतलेले उद्दिष्ट. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना दर आठवड्याला दहा युनिटांची प्रतिकूल तफावत दिसणारच. त्या दहाचा शोध भट्टीपाशी लागणार नाही, तो बजेटच्या बैठकीत लागेल. दोन वेगळ्या तक्रारींना दोन वेगळ्या रेघा देणे, एवढ्या एका गोष्टीने सुपरवायझरच्या वाट्याचे निम्मे टोमणे वाचतात.

मग वरखालच्या मर्यादा. त्यासाठी आकडा स्वभावतः किती हेलकावतो ते कळायला हवे. भंगार कधी कोरडे असते, कधी ओले आणि गंजलेले. स्पेक्ट्रोचा निकाल यायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी वीस, आणि तेवढा वेळ भट्टी नुसती तापत उभी राहते. लॅडल वेळेवर आले नाही की तेच. अशा शंभर बारीक कारणांचा हा हेलकावा असतो. तो मोजायची रीत पाहण्यासारखी आहे. सगळ्या आठवड्यांचे प्रमाण विचलन सरसकट काढायचे नाही. एका आठवड्यापासून पुढच्या आठवड्याची उडी किती, ती मोजायची, उड्यांची सरासरी घ्यायची आणि तिला १.१२८ ने भागायचे. आपल्या भट्टीत सरासरी उडी साडेतेरा युनिटांची आहे. भागून आले १२. हाच आपला सिग्मा. उड्याच का? भट्टी मधूनच बिघडून दोन महिने वरच्या पातळीवर चालली असेल, तर सरसकट विचलनात तो बिघाडही मुरतो, सिग्मा फुगतो आणि मर्यादा इतक्या रुंद होतात की बिघाड त्यांच्या आत आरामात झोपतो. उड्यांमध्ये मात्र तो एकदाच, चढताना दिसतो. आजाऱ्याच्या अंगावरून निरोग्याचे माप काढायचे नाही, ही काळजी त्या १.१२८ च्या पाठीमागे उभी आहे.

आता ती दहा टक्क्यांची ओळ या मापाने तपासा. ५९० वर दहा टक्के म्हणजे ६४९. खऱ्या सरासरीपासून हे अंतर चार सिग्मांहून जास्त. समजा झाकणाचे अस्तर उडाले, उष्णता वर जाऊ लागली आणि भट्टीची सरासरी ६२४ वर सरकली. आठवड्याला १०० टन आणि ९ रुपये युनिट धरले तर हे २१,६०० रुपये दर आठवड्याला धुरासारखे निघून चालले. आणि दहा टक्क्यांचा नियम? सरकलेल्या भट्टीतही ६४९ ओलांडण्याची शक्यता एका आठवड्यात दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात एखादे वेळी घंटा वाजली तर वाजली. तोच नियम दुसऱ्या, मुळातच जास्त हेलकावणाऱ्या खर्चाला लावा, तो दर पंधरवड्याला ओरडेल. टक्केवारीला हेलकावा कळत नाही.

श्यूहार्टच्या तीन सिग्मांनी वरची मर्यादा ६३६ येते. निरोगी भट्टी वरच्या-खालच्या मर्यादांबाहेर हजारात तीनच वेळा जाईल. पण सरकलेली भट्टी ६३६ च्या वर जाण्याची शक्यता दर आठवड्याला १६ टक्केच, म्हणजे सरासरी सहा आठवडे वाट पाहणे आले. इथे श्यूहार्टचा मोकळेपणा लक्षात घ्यावा. तीन हा आकडा गणितातून उपजलेला नाही. उगाच शोधत बसण्याचा आणि शोधायचे राहून जाण्याचा खर्च, दोन्ही मिळून कमी राहतो असा अनुभव म्हणून त्याने तो धरला. १९३१ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ‘इकॉनॉमिक’ हा शब्द आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बोलावण्यावरून तो इथे आला, आपल्याकडच्या गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला त्यातून वेग आला. पण कारखान्यात पोचता पोचता ‘तीन सिग्मा’ राहिले, त्यामागचा खर्चाचा विचार गळून पडला.

तो विचार उघड मांडला हिशेबाच्या माणसांनी. १९६१ मध्ये बिअरमन, फोरेकर आणि जेडिकी या तिघांचा लेख ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’मध्ये आला. त्याचा गाभा एका भागाकारात मावतो:

शोध घ्यावा, जर बिघाडाची शक्यता > शोधाचा खर्च ÷ (टळणारे नुकसान − दुरुस्तीचा खर्च)

आपल्या भट्टीवर हे मांडू. शोध म्हणजे मेंटेनन्सचे दोन दिवस, वजनकाटा आणि मीटर पडताळणे, एक-दोन हीट उशिरा निघणे: १५,००० रुपये. बिघाड सापडला तर झाकणाची दुरुस्ती ८,०००. न सापडता राहिला तर तो पाच आठवड्यांनी कशाने तरी लक्षात येईलच असे धरा; तोवर १,०८,००० गेले. एक लाख आठ हजारांतून आठ हजार वजा, उरला एक लाख. पंधरा हजारांना लाखाने भागले की ०.१५. बिघाडाची शक्यता १५ टक्क्यांच्या वर वाटली तर उठायचे, खाली असेल तर बसायचे. या भागाकारात तफावतीचा आकडा कुठेच नाही, हे पाहिलेत? तफावत फक्त पुरावा म्हणून येते, शक्यता वाढवायला किंवा उतरवायला. निर्णय पैशांनी होतो. मला या रचनेत सर्वात आवडणारी जागा ही.

पुरावा कसा वाढवतो तेही पाहू. निरोगी भट्टी एखाद्या आठवड्यात बिघडण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे एकास एकोणीस. आठवड्याचा आकडा ६२४ आला. बिघडलेल्या भट्टीला हा आकडा अगदी घरचा, निरोगी भट्टीपासून तो दोन सिग्मा दूर. घंटाकृती वक्राच्या उंच्या ताडून पाहिल्या तर तो बिघाडाच्या बाजूने सुमारे ७.४ पट बोलतो. एकास एकोणीसला ७.४ ने गुणून शक्यता २८ टक्के होते. तीन सिग्मांच्या आत, दहा टक्क्यांच्याही आत, आणि तरी उठायला हवे.

आता आपला ६१६ चा सोमवार. मागच्याच आठवड्यात भट्टी तपासून ठीक केलेली होती असे समजा. ६१६ हा आकडा बिघाडाकडे १.९५ पट झुकतो. पाच टक्क्यांचे झाले नऊ. पंधराच्या खाली, म्हणून बसा, चहा घ्या. पुढच्या सोमवारी पुन्हा ६१६. आलेखावर दोन्ही ठिपके एकाच उंचीला, कोणतीही रेघ न ओलांडता शेजारी बसलेले. पण आता सुरुवात पाचापासून होत नाही. गेल्या आठवड्याचे नऊ टक्के हातात आहेत, त्यांत या आठवड्यात नव्याने बिघडण्याची शक्यता मिळवली की जवळजवळ चौदा होतात. त्यावर १.९५ चा झुकाव बसतो आणि शक्यता २४ टक्क्यांवर जाते. उठा. तोच आकडा, तीच भट्टी, आणि निर्णय उलटा, कारण गेला आठवडा विसरला गेला नाही. ही आठवण ठेवण्याची रीत १९६९ मध्ये रॉबर्ट कॅप्लन यांनी खर्चाच्या तफावतींना लावून दाखवली; पुढे ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’मुळे नावाजले ते हेच. शक्यता साठत जाते आणि बिघाड धिम्या पावलांनी आला तरी पकडला जातो. एकटा ठिपका पाहणाऱ्या नियमाला हे जमत नाही.

खालची मर्यादा लोक विसरतात, तिच्याबद्दल दोनच वाक्ये. एखाद्या आठवड्यात ५६० आले तर टाळ्या वाजवण्याआधी वजनकाटा पाहावा आणि टॅपिंगचे तापमान पाहावे. कमी तापवलेले लोखंड वीज वाचवते, ती पुढे रिजेक्शनच्या खात्यात निघते.

या सुबक भागाकारात एक कच्चा दुवा आहे, आणि रसिकाने तोही पाहावा. शोधाचा खर्च मोजता येतो, दुरुस्तीचा कोटेशनवरून कळतो; ‘टळणारे नुकसान’ मात्र अंदाजाचे असते, कारण बिघाड किती आठवडे दडून राहील हे आपण ठरवलेले आहे. पाचाऐवजी दोन आठवडे धरा. ४३,२०० मधून ८,००० गेले, ३५,२०० उरले, आणि उठण्याची रेघ १५ टक्क्यांवरून ४३ वर गेली. मग ६२४ च्या आठवड्यालाही उठायचे कारण नाही, दुसऱ्या ६१६ ला तर नाहीच. दर आठवड्याला कागद पाहणाऱ्या कारखान्याने हा आकडा लहानच धरायला हवा, कारण आज बसलो तरी पुढच्या सोमवारी पुन्हा विचारायची सोय त्याच्याकडे आहे. तिमाहीला एकदा पाहणाऱ्याने मोठा. फाइलमध्ये सिग्मा शाईने लिहावा, हे आठवडे पेन्सिलीने.