लांब मानेची मॅडोना

दीपनगर–भुसावळकडील चित्रकलेचा विद्यार्थी फर्दापूरच्या वाटेने अजिंठ्यास जातो आणि पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे उभा राहतो, तेव्हा त्या आकृतीची झुकलेली मान, निमुळती बोटे आणि तीन ठिकाणी वळलेली देहयष्टी त्याच्या मनात ठसते. पुढे युरोपीय कलेच्या इतिहासात त्यास पार्मिजानीनोची ‘लांब मानेची मॅडोना’ भेटते. तेथेही लांब मान, लांब बोटे आणि वळलेला देह पाहून दोहोंचे वळण एकच, असे तो सहज म्हणून जातो. ही समजूत चुकीची आहे. परंतु ती का चुकीची, हे उमगले म्हणजे रीतिलाघववादाचे मर्मच हाती लागते.

अजिंठ्याच्या चित्रकारास मानवी देहाची मोडतोड करावयाची नव्हती. आपल्या शास्त्राने प्रमाणे एक नव्हे, अनेक सांगितली आहेत. चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पाच प्रकार असून त्यांची उंची अनुक्रमे 108, 106, 104, 100 आणि 90 अंगुळे दिली आहे. त्रिभंग हीही परंपरेने मान्य केलेली ठेवण होय. म्हणून पद्मपाणी पाहताना ‘ही मान इतकीच का वळली?’ असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उठत नाही. तेथे नियम पाळला जात आहे. पार्मिजानीनोच्या चित्रात मात्र प्रेक्षकाच्या ठाऊक असलेला नियम त्याच्या डोळ्यांदेखत ताणला जात आहे. आणि तो ताण जाणवावा, हीच चित्रकाराची इच्छा आहे.

तो नियम कोणता, हे पाहण्यास राफाएलची सुमारे 1506 ची ‘कुरणातील मॅडोना’ घ्यावी. माता जमिनीवर बसली आहे, पुढे दोन बालके आहेत आणि तिघांची मिळून एक स्थिर त्रिकोणाकृती झाली आहे. मातेचे डोके त्या त्रिकोणाचा माथा, पसरलेले पाऊल त्याचा एक कोपरा. तिची मान झुकली आहे, कारण ती मुलांकडे पाहते. हात वळला आहे, कारण ती मुलास सावरते. प्रत्येक हालचालीस कारण आहे आणि प्रत्येक अवयवाचे माप दुसऱ्याशी जुळलेले आहे. प्रबोधनकालाचे सौष्ठव म्हणतात ते हेच. प्रमाण, भार आणि कारण ही तीन तेथे एकमेकांस धरून असतात, आणि त्यांच्या ऐक्यातून लालित्य आपोआप निर्माण होते.

आता पार्मिजानीनोकडे वळू. 1534 मध्ये पार्मा येथील एका चर्चमधील प्रार्थनामंदिरासाठी हे चित्र त्याजकडे सोपविण्यात आले, आणि 1540 मध्ये तो मरण पावला तेव्हा ते अपुरेच होते. आज ते फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे. येथेही माताच बसली आहे. परंतु ती खरोखर बसली आहे काय? आसन जवळजवळ दिसतच नाही. मांड्यांची लांबी इतकी, की ती उठून उभी राहिली तर चित्राच्या चौकटीत मावावयाची नाही. मांडीवरचा बालक तान्ह्याच्या वयाचा, पण अंगाने कितीतरी मोठा. तो घसरून पडेल असे वाटते, तरी माता त्यास घट्ट धरीत नाही. तिच्या उजव्या हाताची लांब बोटे वक्षावर नुसती टेकली आहेत. त्या हातास काम नाही, तो केवळ सुंदर आहे. डावीकडे एक देवदूत लांबट कलश घेऊन उभा आहे; त्या कलशाची निमुळती रेषा आणि मातेच्या मानेची रेषा ह्या एकमेकींच्या बहिणी दिसतात. येथे मानेने देहाचे प्रमाण सोडून कलशाचे प्रमाण पत्करले आहे.

म्हणजे घडले काय? राफाएलच्या तीन घटकांतून प्रमाण, भार आणि कारण ही बाजूस पडली, आणि त्यांच्या ऐक्याचे फळ जे लालित्य तेवढे वेगळे काढून मूळ हेतू म्हणून मांडले गेले. म्हणूनच ह्या कलेस प्रबोधनकालाविरुद्धचे बंड म्हणावे की नाही, याविषयी आमच्या मनात शंका राहते. 1925 मध्ये वाल्टर फ्रीडलेंडर ह्या पंडिताने तिच्या आरंभीच्या चित्रांस अभिजातविरोधी ठरविले. 1967 मध्ये जॉन शर्मनने उलट सांगितले, की ही कला म्हणजे सफाईदार, दरबारी रीतीचा विकासच होय. आमच्या मते दोघांचेही म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. पार्मिजानीनो राफाएलचा द्वेष्टा नव्हता, त्याचा निस्सीम चाहता होता. परंतु चाहत्याने एकच गुण उचलून शेवटापर्यंत नेला, म्हणजे बाकीच्या गुणांविरुद्ध ती प्रतिक्रियाच होते.

ह्या प्रतिक्रियेचे कारण पुष्कळदा 1527 मधील रोमच्या लुटीत शोधले जाते. पार्मिजानीनो त्या वेळी रोममध्ये होता आणि त्यानंतर त्याने ते शहर सोडले, हे खरे. परंतु रोस्सोने व्होल्टेर्रा येथील ‘क्रूसावरून अवतरण’ हे कोनाकोनांचे, अस्वस्थ चित्र 1521 मध्येच रंगविले होते, आणि पोन्तोर्मोचे त्याच प्रकारचे, आधारावाचून तरंगणाऱ्या देहांचे चित्र 1525 मध्ये सुरू झाले. कार्य कारणाच्या आधी घडत नाही. लुटीने ही वृत्ती गडद केली असेल; जन्मास मात्र घातली नाही.

येथे विद्यार्थ्यास एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. मॅडोनाच्या उजव्या बाजूस मोठी पोकळी आहे. मागे माथ्याविना उभा असलेला, कशाचाही भार न पेलणारा स्तंभ आहे. आणि खाली कागदाची गुंडाळी उलगडणारा एक चिमुकला पुरुष आहे. ही सर्व विलक्षणता हेतुपूर्वक आहे असे मानून तीवर मोठे सिद्धान्त उभारले जातात. पण त्या पुरुषाशेजारी दुसऱ्या एका संताचे केवळ पाऊल रंगविलेले आहे! अर्थात ह्या बाजूचे काम राहूनच गेले. मान, बोटे आणि मांड्या पूर्ण झालेल्या भागात आहेत, म्हणून त्यांची साक्ष ग्राह्य; पोकळीची साक्ष जपूनच घ्यावी.

ह्या रीतीचा धोकाही तिच्या जन्मातच होता. लालित्य कारणापासून सुटले, की ते पाठ करता येते. ताणलेली बोटे आणि सर्पासारखा वळलेला देह ही शिष्यांच्या हाती तयार साच्यांसारखी आली. व्हासारीने 1546 मध्ये रोममधील एका दालनाच्या भिंती शंभर दिवसांत रंगविल्या. त्यावर, ते दिसतेच आहे, अशा अर्थाचे मायकेलअँजेलोचे खोचक उद्गार प्रसिद्ध आहेत. कृत्रिम ठेवण जिवंत आहे की मेलेली, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आकृतीची वळलेली रेषा चित्रातील दुसऱ्या कशाशी बोलते काय, हे पाहावे. मॅडोनाची मान कलशाशी बोलते, कलश देवदूताच्या उघड्या लांब पायाशी बोलतो. साच्यातून निघालेली मान मात्र कोणाशीच बोलत नाही.

तेव्हा अजिंठ्याहून परतणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही चित्रांच्या छायाप्रती समोर ठेवून पातळ कागदावर त्यांच्या कडा उतरवाव्या. पद्मपाणीचे वळण त्यास एका परंपरेत नेईल. मॅडोनाची मान मात्र त्यास राफाएलकडे परत पाठवील. कारण राफाएलची आठवण नसेल, तर ती मान केवळ लांब आहे, आणि आठवण असेल, तर ती बोलू लागते.