दाबपाताचे मोजमाप आणि लुकलुकांक : एका रूढ परीक्षणपद्धतीची चिकित्सा

मे-जूनच्या वादळी वाऱ्यांनी खानदेशात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यांनी झाडांच्या फांद्या ११ किलोव्होल्टच्या उघड्या तारांवर टेकतात. अशा वेळी जळगाव किंवा धुळे येथील व्यापारी इमारतीतील वीज जात नाही. दाब मात्र क्षणभर कोसळतो. या दाबपातात कोणती उपकरणे तगतील, हे ठरविण्याची जी पद्धती रूढ झाली आहे, तिचे स्वरूप साधे आहे. दाबपाताची खोली आणि कालावधी एका आकड्यात मांडावयाचा, आणि तो बिंदू अमेरिकेतील संगणक-उद्योगाच्या ‘आय.टी.आय.सी.’ वक्ररेषेवर ठेवून निर्णय द्यावयाचा. ही पद्धती दोन ठिकाणी दिशाभूल करते.

पहिला दोष रोहित्राच्या विस्मरणाचा आहे. प्रातिनिधिक उदाहरण घ्यावे. उपकेंद्राजवळ एका फेजचा जमिनीशी संपर्क झाला आणि त्या फेजचा दाब शून्यावर आला. संरक्षक यंत्रणेने दोष ३०० मिलिसेकंदांत दूर केला, असे समजू. ११ किलोव्होल्ट बाजूच्या नोंदीत हा शंभर टक्के दाबपात दिसेल. परंतु इमारतीचे रोहित्र डेल्टा-स्टार जोडणीचे असते; त्याच्या दुय्यम बाजूचा प्रत्येक फेजदाब प्राथमिक बाजूच्या दोन फेजमधील दाबापासून उत्पन्न होतो. म्हणून इमारतीत दोन फेजवर ५८ टक्के, म्हणजे २३० व्होल्टऐवजी १३३ व्होल्ट उरतात आणि तिसरी फेज अबाधित राहते.

आता उपरोक्त वक्ररेषा सांगते की, सत्तर टक्क्यांखालील दाब २० मिलिसेकंदांपेक्षा अधिक टिकल्यास उपकरणाकडून अखंड कार्याची अपेक्षा धरता येत नाही. या न्यायाने सर्व संगणक बंद पडावयास हवेत. वस्तुतः ज्या वीजपुरवठा-संचावर ९० ते २६४ व्होल्ट असा पल्ला लिहिलेला असतो, त्याला १३३ व्होल्ट पुरेसे होतात. ती वक्ररेषा १२० व्होल्टच्या उपकरणांसाठी आखलेली आहे, हे येथे विसरले जाते. याउलट केवळ २३० व्होल्टसाठी बनविलेल्या संचाचा विचार करावा. त्यातील संधारित्र २२० मायक्रोफॅरडचा, भार २०० वॅटचा, आणि संधारित्रावरील दाब ३२५ वरून २०० व्होल्टपर्यंत उतरू देता येतो असे धरले, तर साठलेल्या ऊर्जेतून सुमारे ७.२ ज्यूल उपलब्ध होतात व संच ३६ मिलिसेकंद तगतो. १३३ व्होल्टचे शिखरमूल्य १८८ व्होल्टच असल्याने दाबपातात त्याला नवी ऊर्जा मिळत नाही. एकाच टेबलावरील दोन यंत्रांचे भवितव्य असे भिन्न असते.

खरा घात बहुधा अन्यत्र होतो. वातानुकूलन यंत्राच्या कॉन्टॅक्टरची ४०० व्होल्टची कॉईल त्या दोन बाधित फेजांमध्ये जोडलेली असेल, तर तिलाही नेमके १३३ व्होल्टच मिळतात. पण तिच्या दृष्टीने तो केवळ एक-तृतीयांश दाब होय. ती एक-दोन आवर्तनांत सुटते. संगणक चालू राहतात आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचे शीतकपाट मात्र थांबते. सर्व संगणकांसाठी मोठी बॅटरी-यंत्रणा घेऊन हे शीतकपाट वाचत नाही. नियंत्रण-परिपथापुरता छोटा स्वतंत्र पुरवठा दिला तर वाचते.

दुसरा दोष लुकलुकीच्या मापनातील आहे. आय.ई.सी. ६१०००-४-१५ मधील मापक ६० वॅटच्या तंतुदीपाचा प्रकाश आणि माणसाची दृष्टी यांचे अनुकरण करतो. त्याच्या अंकावरून डोळ्यांना होणारा त्रास कळतो, संगणकाची सहनशक्ती नव्हे. शिवाय एकच दाबपात हा अंक फुगवितो. दहा मिनिटांचे बारा लुकलुकांक मिळून दोन तासांचा दीर्घकालीन अंक होतो. अकरा अंक ०.४ आणि दाबपाताचा एक अंक ६ असेल, तर घनांच्या सरासरीचे घनमूळ २.६ येते. दिवे दोन तास छळत होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात ती ३०० मिलिसेकंदांची एक घटना असते. म्हणूनच आय.ई.सी. ६१०००-४-३० मध्ये दाबपाताच्या काळातील अंकांवर खूण करण्याची तरतूद आहे. खूण केलेले अंक वगळल्यानंतरही मर्यादा ओलांडली जात असेल, तरच लिफ्ट, वेल्डिंग यांसारख्या वारंवार बदलणाऱ्या भाराचा शोध घेणे सयुक्तिक ठरते.

येथील गणित उपकेंद्रालगतच्या, प्रतिरोधशून्य दोषाचे आहे. दोष दूर असल्यास दाबपात उथळ होतो आणि फिरत्या मोटारी त्याचा आकार बदलतात. यास्तव गणितावर न विसंबता ४०० व्होल्टच्या मुख्य फलकावर तिन्ही फेजदाब आणि तिन्ही आंतरफेजदाब प्रत्येक अर्ध्या आवर्तनागणिक नोंदवावयास हवेत. शेजारी प्रत्येक उपकरणाची किमान दाबमर्यादा आणि ते कोणत्या फेजवर आहे याची यादी असावी. या यादीवाचून काढलेली वक्ररेषा दाबपाताचे वर्णन करील, इमारतीचे परीक्षण करणार नाही.